लॅसिक्सची गोळी आणि तीन क्षारांच्या तीन वाटा

घरात जिला ‘लघवीची गोळी’ किंवा ‘पाण्याची गोळी’ म्हणतात, ती बहुतेक वेळा फ्युरोसेमाइडची असते. दुकानात ती लॅसिक्स या नावाने मागितली जाते. हृदय कमजोर झालं, पायांवर सूज आली, उताणं झोपल्यावर धाप लागू लागली की डॉक्टर ती लिहून देतात आणि दहा-पंधरा दिवसांनी रक्त तपासून या म्हणतात. त्या रिपोर्टात एक कोडं असतं.

उदाहरणासाठी साठी ओलांडलेल्या एक बाई घेऊ. हृदयविकार जुना आहे आणि रोज सकाळी चाळीस मिलिग्रॅमची एक गोळी चालू आहे. पंधरा दिवसांनंतरच्या रिपोर्टात सोडियम १३८, म्हणजे अगदी व्यवस्थित. कॅल्शियम ९.३, तेही व्यवस्थित. पोटॅशियम मात्र ४.१ वरून ३.१ वर आलेलं. पायात गोळे येतात, जिना चढताना मांड्या भरून येतात. वास्तविक ही गोळी सोडियम बाहेर काढण्यासाठी दिलेली असते आणि सोडियमच ती सर्वांत जास्त काढते. मग आकडा पोटॅशियमचा का घसरला? आणि कॅल्शियमचा आकडा जागच्या जागी असला, तरी बाईंच्या लघवीतून नेहमीपेक्षा बरंच जास्त कॅल्शियम जात असतं, ते कुठून?

गोळी मूत्रपिंडात एकाच ठिकाणी, एकाच प्रथिनावर काम करते. पण सोडियम, पोटॅशियम आणि कॅल्शियम हे तिघं शरीराबाहेर पडतात ते तीन निरनिराळ्या कारणांनी. हा फरक लक्षात आला की रिपोर्टही वाचता येतो आणि डॉक्टर पुढे जे करतात त्यामागचं गणितही कळतं.

आधी मूत्रपिंडाचा रोजचा हिशेब पाहू. निरोगी माणसाची दोन्ही मूत्रपिंडं मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी रक्तातून गाळतात. या गाळात विरघळलेलं मीठ मोजलं तर ते दीड किलोच्या आसपास भरतं. एवढं मीठ रोज गमावणं कोणालाच परवडणार नाही, म्हणून गाळ पुढे ज्या लांबलचक सूक्ष्म नळ्यांतून वाहतो, त्या नळ्या जवळजवळ सगळं मीठ परत रक्तात घेतात. शेवटी लघवीत जातं ते साधारणपणे आपण दिवसभरात जेवढं खाल्लं तेवढंच, म्हणजे गाळलेल्याच्या एक टक्क्याहूनही कमी.

या नळीचा पहिला वळणावळणाचा भाग साठ-पासष्ट टक्के मीठ परत घेतो. त्यानंतर नळी मूत्रपिंडाच्या गाभ्याकडे खाली उतरते, यू-टर्न घेते आणि पुन्हा वर येते. जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ याकोब हेन्ले यांनी १८६२ मध्ये या वळणाचं वर्णन केलं, म्हणून त्याला हेन्लेचा लूप म्हणतात. वर येणाऱ्या बाजूचा शेवटचा भाग जाड भिंतीचा आहे. गाळलेल्या मिठापैकी जवळजवळ पाव हिस्सा इथे परत घेतला जातो. आणि त्याची एक खासियत आहे: या भिंतीतून मीठ जातं, पाणी जात नाही. मीठ बाहेर काढल्यामुळे नळीतलं पाणी फिकं होतं आणि मूत्रपिंडाचा गाभा खारट होतो. पुढे याच खारट गाभ्याच्या जोरावर शरीर लघवीतलं पाणी ओढून लघवी दाट करू शकतं. लूपवर काम करणारी औषधं, म्हणजे फ्युरोसेमाइड, टॉर्सेमाइड आणि ब्युमेटॅनाइड, नेमका हा जाड भाग बंद पाडतात.

ते कसं, हे सांगण्याआधी थोडा इतिहास सांगायला हवा, कारण फ्युरोसेमाइड बाजारात आलं तेव्हा ते नेमकं कशावर काम करतं हे कोणालाच ठाऊक नव्हतं. औषध साठीच्या दशकापासून वापरात होतं. त्याच काळात अमेरिकेत बेथेस्डाच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत मॉरिस बर्ग यांनी एक अवघड कसब साध्य केलं. सशाच्या मूत्रपिंडातून नळीचा एखादा मिलिमीटरचा, केसाहूनही बारीक तुकडा जिवंत सोडवायचा, त्याची दोन्ही टोकं काचेच्या पिपेटींवर चढवायची आणि आतून हवं ते द्रावण वाहवायचं. १९७३ मध्ये जाड भागाच्या तुकड्यावर हा प्रयोग झाला, तेव्हा नळीच्या आतली बाजू बाहेरच्या मानाने धन विद्युतभाराची निघाली. नळीच्या आतून वाहणाऱ्या द्रावणात अत्यल्प फ्युरोसेमाइड मिसळलं की हा विद्युतदाब ओसरायचा आणि मिठाची वाहतूक थांबायची. तेच औषध बाहेरून, म्हणजे रक्ताच्या बाजूने लावलं, तर परिणाम फारच कमी. सोडियम धनभारित, क्लोराइड ऋणभारित. आतली बाजू धन राहते याचा अर्थ क्लोराइडला ओढून बाहेर काढणारा पंप असणार, असा तेव्हा निष्कर्ष निघाला. पाठ्यपुस्तकांत तो बरीच वर्षं राहिला.

तो अर्धवट होता. १९८१ मध्ये जर्मनीत फ्रँकफर्टला रायनर ग्रेगर आणि एबरहार्ड श्लाटर यांनी त्याच तंत्राने एक साधा वाटणारा बदल करून पाहिला: नळीतल्या द्रावणातून पोटॅशियम काढून टाकलं. वाहतूक ठप्प झाली. सोडियम भरपूर होतं, क्लोराइड भरपूर होतं, पण पोटॅशियमवाचून काही हलेना. म्हणजे तिघं एकत्र प्रवास करत होते.

या प्रवासाचं साधन म्हणजे नळीच्या आतल्या बाजूला पेशींच्या पृष्ठभागावर बसलेलं एक प्रथिन, एनकेसीसी-२. चौघांची शेअर रिक्षाच म्हणा. एक सोडियम, एक पोटॅशियम आणि दोन क्लोराइड. चारही जागा भरल्याशिवाय ती हलत नाही. आत ओढण्याचं बळ येतं पेशीच्या दुसऱ्या बाजूच्या पंपाकडून. तो सतत सोडियम उपसून रक्ताकडे टाकत असतो, त्यामुळे पेशीत सोडियमची कायम चणचण असते.

अडचण पोटॅशियमची आहे. नळीतल्या पाण्यात सोडियम आणि पोटॅशियम यांचं प्रमाण साधारण रक्तासारखंच धरलं, तर पस्तीस सोडियममागे एक पोटॅशियम. प्रत्येक फेरीला एक पोटॅशियम लागत असेल, तर थोड्याच वेळात नळीतलं पोटॅशियम संपून जावं. ते संपत नाही, कारण पेशीत शिरलेलं पोटॅशियम एका स्वतंत्र दारातून पुन्हा नळीतच परत सोडलं जातं आणि पुढच्या फेरीला बसतं. या दाराला रॉमके म्हणतात. क्लोराइड मात्र पुढे रक्ताकडे जातं. आता विद्युतभाराचा हिशेब करा. धन पोटॅशियम नळीत परतलं, ऋण क्लोराइड रक्ताकडे गेलं, म्हणून नळीची आतली बाजू धन. बर्ग यांनी मोजलेला विद्युतदाब इथून येतो. तो जेमतेम पाच-दहा मिलिव्होल्टचा असतो. कॅल्शियमची सगळी गोष्ट या किरकोळ दाबावर उभी आहे, त्याकडे शेवटी येऊ.

फ्युरोसेमाइडचा रेणू या प्रथिनाच्या नळीकडच्या तोंडात अडकून बसतो आणि रिक्षा जागीच उभी राहते. पण तिथपर्यंत पोचण्याचा त्याचा मार्ग आडवळणाचा आहे. रक्तात हे औषध जवळजवळ सगळंच प्रथिनांना चिकटलेलं असतं, त्यामुळे ते गाळातून नळीत उतरतच नाही. नळीच्या पहिल्या भागातल्या पेशी ते रक्तातून उचलून नळीत सोडतात आणि मग वाहत्या पाण्याबरोबर ते लूपपर्यंत जातं. म्हणजे औषधाने काम करायचं तर ते आधी लघवीत यावं लागतं आणि पुरेसं यावं लागतं. एका ठरावीक पातळीच्या खाली त्याचा जवळजवळ काहीच परिणाम होत नाही. पातळी ओलांडली की लघवी धो धो होते. कमाल परिणाम गाठल्यावर मात्र आणखी औषध घालून एका डोसमधून फारसं अधिक मीठ निघत नाही. म्हणूनच वीस मिलिग्रॅमने काहीच झालं नाही, तर ‘वीस सकाळी, वीस संध्याकाळी’ करण्यात अर्थ नसतो. एका वेळचा डोस वाढवून आधी ती पातळी ओलांडावी लागते. मूत्रपिंडं कमजोर असली की औषध नळीत कमी पोचतं, म्हणून अशा रुग्णांना मोठा डोस लागतो. ज्यांच्या आतड्याच्या भिंतीलाही सूज आलेली असते त्यांच्यात गोळी इतकी हळू शोषली जाते की तीच मात्रा शिरेतून दिल्यावर चालते आणि तोंडाने चालत नाही. तशीही फ्युरोसेमाइडची गोळी सरासरी निम्मीच शोषली जाते, आणि हे प्रमाण माणसागणिक फार बदलतं.

आता आपल्या बाईंचा एक दिवस घेऊ आणि फक्त मिठाचा हिशेब मांडू. सकाळी आठला गोळी घेतली. तासाभरात लघवीला सुरुवात होते आणि सहा तासांत जोर संपतो. या वेळातली लघवी साधारणपणे अर्ध्या ताकदीच्या सलाइनसारखी असते. पूर्ण सलाइनमध्ये लिटरला ९ ग्रॅम मीठ, या लघवीत साधारण साडेचार. समजा सहा तासांत दोन लिटर लघवी झाली, तर ९ ग्रॅम मीठ गेलं. पुढचे अठरा तास औषधाचा असर नसतो, आणि या अठरा तासांत मूत्रपिंड गेलेल्या मिठाची भरपाई करायला बसतं. लघवीत मीठ जवळजवळ येतच नाही. सगळं मिळून अर्धा ग्रॅम म्हणू. दिवसाचा खर्च साडेनऊ ग्रॅम.

बाई दिवसाला दहा ग्रॅम मीठ खात असतील, आणि पापड, लोणचं, शेंगदाण्याची चटणी असलेल्या ताटात दहा ग्रॅम सहज होतं, तर जमा दहा आणि खर्च साडेनऊ. दिवसभर बाथरूमच्या फेऱ्या मारूनही सूज तसूभर उतरत नाही. तेच मीठ पाच ग्रॅमवर आणलं तर साडेचार ग्रॅमची तूट पडते. शरीराबाहेर जाताना एवढं मीठ आपल्याबरोबर साधारण अर्धा लिटर पाणी घेऊन जातं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काट्यावर अर्धा किलो कमी दिसतो. गोळी तीच, डोस तोच.

हा कागदावरचा हिशेब वाटेल, पण ख्रिस्तोफर विलकॉक्स आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये निरोगी माणसांवर तो प्रत्यक्ष करून दाखवला. दिवसाला सुमारे १६ ग्रॅम मीठ असलेल्या आहारावर फ्युरोसेमाइडने काही तास भरपूर मीठ काढलं, आणि उरलेल्या अठरा तासांत मूत्रपिंडांनी ते सगळं भरून काढलं. चोवीस तासांची बेरीज शून्य. मीठ जेमतेम एका ग्रॅमवर आणल्यावर भरपाई करायला काही उरलंच नाही. ‘औषध लागू पडत नाही’ अशी तक्रार असलेल्या किती घरांत खरं कारण बरणीत असतं, हे हृदयरोगतज्ज्ञांना विचारावं.

दुसरं कारण गुडघेदुखीच्या गोळ्या. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही औषधं मूत्रपिंडातली प्रोस्टाग्लँडिनं कमी करतात आणि लॅसिक्सचा जोर मोडतात. संधिवातासाठी दुकानातून परस्पर आणलेल्या गोळ्या सुरू झाल्या आणि आठवड्यात पाय पुन्हा सुजले, हा प्रकार नेहमीचा आहे.

औषध लागू पडतंय की नाही हे चटकन कळण्याची एक सोय आहे. इस्पितळात डोस दिल्यावर दोन तासांनी लघवीचा नमुना घेऊन त्यात सोडियम मोजतात. लिटरला पन्नास-सत्तर मिलिइक्विव्हॅलंटच्या खाली आलं तर डोस अपुरा आहे. घरी मात्र सकाळी लघवी झाल्यावर, काही खाण्याआधी, रोज त्याच काट्यावर केलेलं वजन हेच खरं माप. लघवी किती झाली यावरून फसायला होतं.

एवढं सोडियम जाऊनही रिपोर्टातला आकडा १३८ का? कारण तो आकडा शरीरात किती सोडियम आहे हे सांगत नाही. पाण्याच्या मानाने किती आहे, एवढंच सांगतो. मीठ आणि पाणी दोन्ही गेलं की प्रमाण फारसं बदलत नाही. शिवाय जाड भाग बंद पडल्यामुळे गाभ्याचा खारटपणा ओसरलेला असतो, त्यामुळे शरीराला लघवी दाट करून पाणी साठवताही येत नाही. रक्तदाबासाठी दिली जाणारी थायझाइड गटाची औषधं नळीत याच्या पुढे काम करतात आणि गाभ्याला हात लावत नाहीत. वयस्कर माणसांचं सोडियम एकदम ११५-१२० वर येऊन ती बरळू लागतात, त्यामागे लॅसिक्सपेक्षा थायझाइड निघण्याचा संभव जास्त असतो, तो यामुळे.

आता पोटॅशियम. रिक्षात एक जागा पोटॅशियमची होती, ती रिकामी राहिली, म्हणून पोटॅशियम गेलं असं वाटणं साहजिक आहे, आणि थोडंफार तसं होतंही. पण तोटा मुख्यतः तिथे होत नाही. तो होतो बराच पुढे, नळीच्या शेवटच्या टप्प्यात. लघवीत जे पोटॅशियम असतं, ते गाळातून उरलेलं फार थोडं असतं. बहुतांश ते या शेवटच्या टप्प्यातल्या पेशींनी मुद्दाम आत सोडलेलं असतं. त्या किती सोडणार हे तीन गोष्टींवर ठरतं: तिथे सोडियम किती येऊन पोचतं, पाणी किती वेगाने वाहतं, आणि अल्डोस्टेरॉन या संप्रेरकाचा हुकूम किती कडक आहे.

लॅसिक्स या तिन्ही गोष्टी एकदम वाढवतं. लूपमध्ये अडलेलं सोडियम लोंढ्याने पुढे येतं. शेवटच्या पेशी त्यातलं जमेल तेवढं शोषून घेतात, धन सोडियम आत गेल्यावर नळीची आतली बाजू ऋण होते आणि ती पोटॅशियमला पेशींतून ओढून घेते. वेगाने वाहणारं पाणी बाहेर पडलेलं पोटॅशियम लगेच धुऊन नेतं, त्यामुळे तिथे ते साचून अडथळा होत नाही.

अल्डोस्टेरॉनची कथा याहून चमत्कारिक. लूप जिथे संपतो तिथे मॅक्युला डेन्सा नावाच्या मोजक्या पेशी असतात. नळीतून किती मीठ येतंय हे चाखून त्या गाळण्याचा वेग ठरवतात. पण चाखण्यासाठी त्या हीच एनकेसीसी-२ वापरतात. लॅसिक्सने ती बंद केली की समोरून मिठाचा पूर वाहत असताना या पेशींना मीठ आलंच नाही असं वाटतं. मग त्या रेनिन सोडायला लावतात. रेनिनमागून अँजिओटेन्सिन, त्यामागून अल्डोस्टेरॉन, आणि ते शेवटच्या पेशींना सांगतं: सोडियम घ्या, पोटॅशियम टाका. हृदय कमजोर असलेल्या माणसात अल्डोस्टेरॉन आधीच चढलेलं असतं. त्यात ही भर पडते. याच टप्प्यात आम्लही बाहेर टाकलं जातं, म्हणून रक्तातलं बायकार्बोनेट चढतं. आपल्या बाईंच्या रिपोर्टात ते ३२ निघालं तर नवल नाही.

पोटॅशियमचा ३.१ हा आकडा दिसतो तेवढा किरकोळ नाही. शरीरातलं ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं आणि रिपोर्टात येतं ते उरलेल्या दोन टक्क्यांचं. रक्तातला आकडा एका अंकाने उतरतो तेव्हा एकूण साठ्यातून ढोबळमानाने दोनशे ते चारशे मिलिइक्विव्हॅलंट गेलेलं असतं. एका मध्यम केळ्यात ते दहाच्या आसपास असतं. ‘रोज एक केळं खा’ हा सल्ला वाईट नाही, पण तूट भरायला वीस ते चाळीस केळी लागतील आणि गळती तोवर चालूच राहील. शिवाय फळांतलं पोटॅशियम क्लोराइडबरोबर येत नाही, आणि बायकार्बोनेट चढलेल्या माणसाला क्लोराइडचीही तूट असते. डॉक्टर पोटॅशियम क्लोराइडचंच औषध देतात ते यासाठी.

आणखी एक फसगत मॅग्नेशियमची. तेही लूपच्या जाड भागातच मुख्यतः परत घेतलं जातं, म्हणून लॅसिक्सवर तेही गळतं. पेशीच्या आतलं मॅग्नेशियम रॉमकेच्या दाराला एरवी आतून अडसर घालून असतं. ते कमी झालं की शेवटच्या पेशींतलं दार सताड उघडं राहतं आणि वरून कितीही पोटॅशियम दिलं तरी ते लघवीतून निघून जातं. पोटॅशियम देऊनही आकडा वर येत नसेल तर आधी मॅग्नेशियम तपासतात आणि ते भरून काढतात.

गळती मुळात थांबवायची तर अल्डोस्टेरॉनला अडवायला हवं, आणि स्पायरोनोलॅक्टोन ते करतं. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राल्स या चाचणीत हृदयाच्या तीव्र कमजोरीत नेहमीच्या औषधांबरोबर ते दिल्यावर मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांनी घटलं. मात्र स्पायरोनोलॅक्टोन चालू असताना, विशेषतः मूत्रपिंडं मंदावलेली असताना, जुनं पोटॅशियमचं सिरप घेत राहणं धोक्याचं. मग पोटॅशियम उलट्या दिशेने, सहाच्या वर जाऊ शकतं, आणि हृदयाच्या ठोक्यांना ते कमी पोटॅशियमइतकंच महागात पडतं. रोज शहाळं पिणाऱ्यांनीही ही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घालावी.

राहिलं कॅल्शियम. ते या रिक्षात कधी बसतच नाही. जाड भागात पेशींच्या मधल्या फटींतून ते रक्ताकडे जातं, आणि त्याला ढकलतो तो पाच-दहा मिलिव्होल्टचा धन दाब. नळीची आतली बाजू धन, कॅल्शियमवर दोन धनभार, म्हणून ते आतून दूर सारलं जातं. मॅग्नेशियमही त्याच वाटेने जातं. लॅसिक्सने रिक्षा थांबवली की पोटॅशियमचं मागे परतणं थांबतं, दाब मावळतो आणि कॅल्शियमला रेटणारं काही उरत नाही. गाळलेल्या कॅल्शियमपैकी पाव भाग याच ठिकाणी परत मिळायचा. तो आता लघवीत जातो.

याचा पुरावा निसर्गानेही ठेवलेला आहे. अमेरिकेतले डॉक्टर फ्रेडरिक बार्टर यांनी १९६२ मध्ये एका विकाराचं वर्णन केलं: पोटॅशियम कमी, बायकार्बोनेट जास्त, रेनिन आणि अल्डोस्टेरॉन चढलेलं, तरीही रक्तदाब वाढलेला नाही. १९९६ मध्ये रिचर्ड लिफ्टन यांच्या गटाला त्याच्या एका प्रकारात एनकेसीसी-२ चाच जनुक बिघडलेला सापडला. काही मुलांत तो रॉमकेचा निघाला. म्हणजे ही मुलं जन्मापासून, किंबहुना गर्भात असल्यापासून, लॅसिक्सवरच असल्यासारखी असतात. त्यांच्या लघवीतून कॅल्शियम इतकं जातं की मूत्रपिंडांत त्याचे साठे जमतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना फुप्फुसांसाठी फ्युरोसेमाइड बराच काळ द्यावं लागलं तर त्यांच्याही मूत्रपिंडांत असेच खडे दिसतात, हे १९८२ पासून ठाऊक आहे. आता नवजात कक्षात म्हणूनच सोनोग्राफी करून लक्ष ठेवतात.

आपल्या बाईंच्या रक्तातलं कॅल्शियम तरी ९.३ वरच राहिलं, कारण गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी जाग्या असतात. थोडं कमी पडलं की त्या आपलं संप्रेरक वाढवतात आणि तूट हाडांतून व आतड्यांतून भरून निघते. थायरॉइडच्या शस्त्रक्रियेत ज्यांच्या या ग्रंथी गेल्या आहेत त्यांना ही सोय नसते. त्यांना लॅसिक्सवर ओठांभोवती मुंग्या येणं, बोटं वळणं असा त्रास होऊ शकतो.

कॅल्शियम जातं, तर ते जास्त झालेल्यांना हे औषध का देऊ नये, असा विचार पूर्वी झाला. १९७० मध्ये वादी सुकी आणि सहकाऱ्यांनी रक्तात कॅल्शियम धोक्याच्या पातळीवर चढलेल्या रुग्णांना दर एक-दोन तासांनी ८० ते १०० मिलिग्रॅम फ्युरोसेमाइड शिरेतून देऊन ते उतरवलं. उपचार पुढे कित्येक वर्षं रूढ राहिला, पण त्यातली महत्त्वाची अट लोक विसरले. सुकी यांच्या रुग्णांना लघवीवाटे गेलेलं पाणी आणि क्षार मोजून परत दिले जात होते. ते न देता नुसतं औषध दिलं तर माणूस कोरडा पडतो, आणि कोरडं पडलेलं मूत्रपिंड नळीच्या पहिल्या भागातून मीठ ओरपू लागतं. त्या भागात कॅल्शियम मिठाच्या मागोमाग जातं. म्हणजे लूपमध्ये गमावलेलं कॅल्शियम आधीच्या टप्प्यात परत मिळतं आणि रक्तातला आकडा चढाच राहतो. आता अशा वेळी आधी सलाइन, मग हाडांतून कॅल्शियम सुटू न देणारी औषधं देतात. लॅसिक्स देतात ते सलाइनने अंगात पाणी साचलं तरच.

महिने लोटले की बाईंना तीच गोळी पूर्वीसारखी लागू पडेनाशी होण्याची शक्यता आहे. लूपमधून रोज येणारं जास्तीचं मीठ शोषता शोषता नळीचा पुढचा भाग जाडजूड होतो आणि सुटलेलं बरंचसं मीठ तिथेच परत मिळवतो. डॉक्टर तेव्हा मेटोलाझोनसारखं थायझाइड जातीचं औषध थोडे दिवस जोडतात. ते नेमका तो पुढचा भाग अडवतं आणि अडकलेली सूज दोन-तीन दिवसांत झरझर उतरते. थायझाइडवर लघवीतलं कॅल्शियम उलट कमी होतं, इतकं की कॅल्शियमचे मुतखडे पुन्हा होऊ नयेत म्हणूनही ते दिलं जातं. म्हणजे या जोडीत कॅल्शियमची गळती थोडी सावरते. पण पोटॅशियम टाकणाऱ्या शेवटच्या पेशींवर आता दोन्हीकडून सुटलेला लोंढा येऊन आदळतो. एकट्या लॅसिक्सवर पंधरा दिवसांनी केली तरी चालणारी रक्ततपासणी या जोडीवर दोन-तीन दिवसांतच करतात.